रीलचं पहिलं वाक्य बोलल्यासारखं कसं लिहू?

घरगुती रेसिपीच्या रील्स करते, पण सुरुवातीचं वाक्य निबंधासारखं वाटतं. काय करू?

"नमस्कार, आज आपण पाहणार आहोत" हे आधी काढा, तेवढ्यात माणूस पुढे स्क्रोल करून मोकळा. समजा साबुदाण्याची खिचडी आहे, तर "खिचडी चिकट होऊ नये यासाठी" असं नाही, जे बिघडतं तेच आधी बोला: "खिचडीचा गोळा होतोय ना? भिजवताना पाणी जास्त पडतंय!" आणि त्याच क्षणी चिमटीत भिजलेला दाणा दाबून दाखवा, नाव-गाव नंतर. लिहायच्या आधी जावेला फोनवर सांगताय असं बोलून रेकॉर्ड करा, मग तेच जसंच्या तसं उतरवा, "ना", "अहो" सकट. एका दमात बोलता आलं नाही तर वाक्य लांब झालंय. आणि पाणी किती ते लगेच पुढच्या शॉटला सांगा (दाणे जेमतेम बुडतील एवढंच), नाहीतर लोक चिडतात.