डोपामाइन नेमकं काय मोजतं?

प्रिय,

तुझी टिपणं वाचली. आकृत्या नेटक्या आहेत, पण पहिलंच वाक्य खोडावं लागेल: ‘डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन, सेरोटोनिन म्हणजे समाधानाचं रसायन.’ हे वाक्य जिकडेतिकडे वाचायला मिळतं, त्यामुळे ते आपसूक हातून उतरतं. अडचण अशी, की त्याच्या आधारे तुझ्या अभ्यासक्रमातल्या एकाही प्रयोगाचा अर्थ लागत नाही.

आधी डोपामाइन. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामाइन पेशींमध्ये बारीक इलेक्ट्रोड ठेवून नोंदी घेतल्या. या पेशी एरवी सेकंदाला साधारण तीन ते पाच वेळा संदेश सोडत असतात. माकडाच्या तोंडात अचानक फळांच्या रसाचा थेंब पडला की क्षणभर त्यांचा वेग एकदम वाढतो. इथपर्यंत ‘आनंदाचं रसायन’ चालून जातं. मग प्रत्येक थेंबाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला हा संबंध कळल्यावर पेशी दिव्याला प्रतिसाद देऊ लागल्या आणि रस पडला तरी त्यांचा वेग नेहमीचाच राहू लागला. रस तोच, माकड तो आवडीने पितंय, पण डोपामाइन पेशींना त्याचं काही वाटेनासं झालं. दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी रस यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशी काही काळ गप्प झाल्या. न घडलेल्या गोष्टीची वेळ त्यांना ठाऊक होती.

म्हणजे या पेशी रस किती गोड आहे ते सांगत नाहीत. अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा किती कमी मिळालं, ते सांगतात. याला अपेक्षा-त्रुटी म्हणतात: मिळालेलं वजा अपेक्षित.

एकदा कागदावर हे करून बघ. रसाची किंमत १० धर, सुरुवातीची अपेक्षा ० आणि शिकण्याचा वेग ०.२. पहिल्या खेपेला त्रुटी १०. तिचा पाचवा भाग अपेक्षेत मिळवला, अपेक्षा झाली २. दुसऱ्या खेपेला त्रुटी ८, अपेक्षा ३.६. तिसऱ्या खेपेला त्रुटी ६.४, अपेक्षा ४.८८. असं करत दहाव्या खेपेनंतर अपेक्षा सुमारे ८.९ होते आणि विसाव्यानंतर ९.९ च्या जवळ पोचते. आता रस मिळाला तरी त्रुटी जवळपास शून्य, म्हणून पेशी शांत. एकविसाव्या खेपेला रस दिला नाही, तर त्रुटी जवळजवळ उणे १०.

या गणिताच्या दोन मर्यादा उत्तरात लिहिल्यास तर परीक्षकाला कळेल की तू नुसतं पाठ केलेलं नाहीस. एक: सेकंदाला पाच वेळा बोलणारी पेशी शून्याच्या खाली जाऊच शकत नाही. चांगल्या धक्क्यासाठी तिच्याकडे वर भरपूर जागा आहे, निराशेसाठी खाली फार थोडी. त्यामुळे मोठी निराशा आणि मध्यम निराशा यांतला फरक केवळ वेगावरून नीट दिसत नाही. दोन: आपण केलेल्या आकडेमोडीत वेळ नाहीच. प्रत्येक खेपेचा एक आकडा, बस. प्रतिसाद रसावरून दिव्याकडे का सरकतो, हे त्यातून निघत नाही. त्यासाठी प्रत्येक क्षणी ‘पुढे काय येणार’ याचा अंदाज आधीच्या क्षणाच्या अंदाजाशी ताडून पाहणारं प्रतिमान लागतं. १९९७ साली शुल्ट्झ, डायन आणि मॉन्टेग्यू यांनी पेशींच्या नोंदी अशा प्रतिमानाशी जुळवून दाखवल्या.

मग आवडण्याचं काय? केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी एका विषारी द्रव्याने उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ संपवलं. ते उंदीर आपणहून खाईनात, त्यांना नळीने भरवावं लागलं. पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं, तर ते निरोगी उंदरांसारखीच जीभ बाहेर काढून चाटत. चव आवडत होती, ती मिळवायला उठावंसं वाटत नव्हतं. म्हणून आवडणं आणि हवंसं वाटणं हे दोन वेगळे रकाने ठेव, आणि डोपामाइन दुसऱ्यात टाक.

सेरोटोनिनकडे वळताना एक गोष्ट मान्य करून चाल: इथे इतकं देखणं सूत्र हाताशी नाही. तुझ्या टिपणात तसं सूत्र ओढूनताणून आणलेलं दिसतं. ‘सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य येतं’ ही कल्पना १९६० च्या दशकातली. तिचा मोठा आधार औषधांचा होता: सेरोटोनिनचा प्रभाव वाढवणाऱ्या औषधांनी काही रुग्णांना बरं वाटतं. पण पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून अंगात पॅरासिटामॉल कमी पडलं होतं, असं आपण म्हणत नाही.

थेट तपासणीचा एक मार्ग आहे. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन बनवतं. ट्रिप्टोफॅन वगळून बाकीच्या अमिनो आम्लांचं पेय दिलं, की काही तासांतच रक्तातलं ट्रिप्टोफॅन बरंच खाली येतं. ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला नैराश्याचा त्रास झालेला नाही, अशा लोकांची मनःस्थिती यामुळे फारशी बदलत नाही. मात्र सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांनी नुकतेच सावरलेले अनेक रुग्ण काही तासांसाठी पुन्हा खचतात. कमतरता हेच नैराश्याचं कारण असतं, तर पहिला गटही खचायला हवा होता. आणि सेरोटोनिनचा मनःस्थितीशी संबंधच नसता, तर दुसरा गट खचला नसता. उत्तरात ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिही. बहुतेक जण त्यांतलं एकच लिहितात.

दुसरं कोडं वेळेचं. एसएसआरआय गटातली औषधं सेरोटोनिन पेशीत परत ओढून घेणाऱ्या वाहकाला अडवतात. हे काम काही तासांत होतं, पण रुग्णाला बरं वाटायला बहुधा काही आठवडे लागतात. एक स्पष्टीकरण असं: सेरोटोनिन पेशींवर स्वतःचंच उत्पादन जोखणारे ग्राही असतात. बाहेर सेरोटोनिन वाढलेलं दिसताच ते पेशीचा वेग कमी करतात, त्यामुळे सुरुवातीला वाढ फार होत नाही. आठवड्यांनंतर हे ग्राही बोथट होतात आणि लगाम सुटतो. दुसरं स्पष्टीकरण मला जास्त पटतं. औषधाच्या पहिल्या काही मात्रांनंतरच लोक चेहऱ्यांवरचे भाव थोडे वेगळे वाचू लागतात, भीती किंवा राग यांकडे कमी झुकतात, आणि तेव्हा मनःस्थिती अजून तशीच असते. जग थोडं कमी धोकादायक दिसू लागलं, तरी त्यातून नवे अनुभव साठायला दिवस जातातच. दोन्ही स्पष्टीकरणं एकाच वेळी खरी असू शकतात. (ओळखीतलं कुणी ही औषधं घेत असेल, तर ‘कमतरतेचा सिद्धांत चुकीचा ठरला’ एवढं ऐकून ती अचानक बंद करू नयेत. औषध उपयोगी पडतं का, हा प्रश्न वेगळा आहे.)

शेवटच्या पानावर दोन दुरुस्त्या कर. ‘शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं’ हे बरोबर आहे, सुमारे ९० टक्के. पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, म्हणून त्यापुढचं ‘त्यामुळे पोट ठीक तर मन ठीक’ हे वाक्य काढून टाक. आणि आकृतीत सेरोटोनिनचा बाण तू मेंदूच्या पुढच्या भागातून निघताना काढला आहेस. या पेशी मेंदूस्तंभातल्या रॅफे केंद्रकांत असतात, बाण तिथून वर जायला हवेत.

तुझे,
सर