२६ आठवड्यांचं बाळ आणि सर्फॅक्टंट

प्रश्न: वहिनीचं बाळ २६ व्या आठवड्यात झालं. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसात सर्फॅक्टंट कमी आहे. असं का होतं?

उत्तर: फुप्फुस आधी नळ्यांच्या झाडासारखं वाढतं. साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत फांद्या फुटतात, पण हवा रक्तात जायला जागाच नसते. पुढच्या दहा आठवड्यांत टोकांशी केशवाहिन्या येतात, मग पातळ भिंतींच्या पिशव्या होतात. खरे वायुकोश ३६ व्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात आणि जन्मानंतरही बनत राहतात.

सर्फॅक्टंट म्हणजे या पिशव्यांचं आतलं स्निग्ध अस्तर. ते बनवणाऱ्या टाइप-२ पेशी चोविसाव्या आठवड्याच्या आसपास कामाला लागतात, पण पुरेसा साठा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. तुमचं बाळ नेमकं अधेमधे सापडलंय.

ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटतात ना, सर्फॅक्टंट कमी असलं की तसंच आत होतं. श्वास सोडला की पिशव्या मिटतात, पुढच्या श्वासाला पुन्हा जोर लावून उघडाव्या लागतात. बाळ कण्हतं, बरगड्यांखाली खळगा पडतो. कण्हणं म्हणजे घसा अर्धवट मिटून हवा आत अडवायची त्याची धडपड. सीपॅप मशीन तेच काम दाब देऊन करतं. गरज पडली तर नळीतून थेट श्वासनलिकेत सर्फॅक्टंट सोडतात.