खांबावर उभा भार आणि मध्यावर आडवा ओढा: WL/4 च्या वरचा मोमेंट कुठून येतो?

प्रश्न: मकरपुऱ्यातल्या एका शेडच्या मेझानीनचा पाइपचा खांब तपासतोय. ८० एनबी मीडियम पाइप, उंची ४ मीटर, दोन्ही टोकं पिन. वरून ४८ किलोन्यूटन येतात, आणि बरोबर मध्यावर लावलेल्या पुलीमुळे २ किलोन्यूटनचा आडवा ओढा. WL/4 ने मोमेंट २ येतो, सॉफ्टवेअरही २ च दाखवतं. सर म्हणतात ३.१ धर. वरचा १.१ कुठला? आणि शेवटी १.५ ने गुणलं की झालं ना?

उत्तर:

सरांचा आकडा बरोबर आहे. १.५ चं मात्र तसं नाही, त्याकडे नंतर येतो.

आडव्या ओढ्याने खांब मध्यावर वाकतो. वाकला की वरच्या भाराची रेषा आणि खांबाचा मध्य यांत अंतर पडतं, आणि ४८ किलोन्यूटनला तेवढा हात मिळतो. या हाताने जो मोमेंट येतो तो खांबाला आणखी वाकवतो, म्हणून हात आणखी वाढतो. भार ऑयलरच्या क्रिटिकल भारापेक्षा कमी असेल तर ही वाढ लहान लहान होत एका जागी थांबते. WL/4 मध्ये यातलं काहीच नाही, कारण ते समीकरण खांब सरळच आहे असं धरून मांडलेलं असतं.

तुमच्याच पाइपवर करून पाहू. बाहेरचा व्यास ८८.९ मिमी, जाडी ४ मिमी. त्यावरून I येतो ९.६३ लाख मिमी⁴. E २ लाख धरला तर क्रिटिकल भार Pe = π²EI/L² सुमारे ११९ किलोन्यूटन. तुमचा उभा भार P त्याच्या ०.४०४ पट आहे. नुसत्या आडव्या ओढ्याने मध्यावरचा बाक WL³/48EI, म्हणजे १३.८ मिमी. हा बाक आणि ४८ किलोन्यूटन यांचा गुणाकार ०.६६ किलोन्यूटन-मीटर. बरेच जण इथे थांबतात आणि २.६६ लिहून मोकळे होतात. पण या ०.६६ ने जो जास्तीचा बाक येतो तो कुणी मोजायचा? तोही धरून अचूक सूत्र असं:

```
u = (π/2)·√(P/Pe)
M = (WL/4)·tan(u)/u
δ = (WL³/48EI)·3(tan u − u)/u³
```

इथे u जवळपास १ येतो (०.९९८), रेडियनमध्ये. कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिला तर गुणक ०.०१७ च्या आसपास येतो आणि मोमेंट जवळपास शून्य दिसतो, तेवढं बघा. मोमेंटचा गुणक १.५५, म्हणून M = ३.११. बाकाचा गुणक १.६७, म्हणून बाक २३.१ मिमी. आता ताळा घ्या: २ + ४८ × ०.०२३१ = ३.११. हा ताळा जुळलाच पाहिजे, कारण मध्यावरचा मोमेंट म्हणजे WL/4 अधिक भार गुणिले खरा बाक, दुसरं काही नाही. नाही जुळला तर कुठेतरी आकडेमोड चुकली आहे.

बाक १.६७ पट होतो आणि मोमेंट १.५५ पटच, याचं कारण आकारात आहे. सरळ मोमेंटचा आलेख त्रिकोणी, टोकदार. भारामुळे वाढणारा भाग जवळपास साइन वक्रासारखा गोल. म्हणून हाताने झटपट करताना 1/(1 − P/Pe) हा गुणक बाकाला चालतो (१.६८ येतो), मोमेंटला तो थोडा जास्त देतो. मध्यावरच्या एका भारासाठी वर (1 − 0.2P/Pe) ने गुणायचं, मग १.५४ मिळतो. मी स्वतः आधी हेच करतो, tan वाला हिशोब नंतर.

सॉफ्टवेअर २ दाखवतं कारण तुम्ही साधा लिनिअर रन दिलाय. पी-डेल्टा चालू केलं तरी खांब एकच मेंबर असेल आणि प्रोग्राम फक्त नोडचं सरकणं धरत असेल, तर उत्तर २ च राहील, कारण दोन्ही टोकं सरकतच नाहीत. मध्यावर एक नोड घातला तर अशा प्रोग्राममध्ये मोमेंट ३.० च्या आसपास येईल, थोडा कमीच, कारण तो प्रत्येक अर्धा भाग सरळ काठी समजतो. चार-सहा तुकडे करा, मग ३.११ जवळ येतो.

आता १.५ चं. सेवाभारावर ताण किती ते आधी पाहा. क्षेत्रफळ १०६७ मिमी², Z २१,६७० मिमी³. उभ्या भाराचा ताण ४५, वाकण्याचा १४३, एकूण १८८ एमपीए. पाइप वायएसटी २४० चा धरला तर २४० भागिले १८८ करून कुणीही म्हणेल की १.२८ पट जागा आहे. तेवढी नाही. दोन्ही भार १.२ पट करून पुन्हा मांडा: P/Pe ०.४८५ होतो, गुणक १.७७, मोमेंट ४.२४, आणि एकूण ताण २५० एमपीए. म्हणजे १.२ पटीच्या आतच पाइप यील्डला पोचला. दोन्ही भार १.५ पट केले तर इलॅस्टिक हिशोबाने मोमेंट ६.७६ येतो. ३.११ ला १.५ ने गुणून मिळाले असते ४.६६. वरचे दोनाहून जास्त किलोन्यूटन-मीटर कागदावरून गायबच. म्हणून फॅक्टर आधी भारांना लावायचा आणि गुणक त्या वाढलेल्या P वर काढायचा. तसं केलं की तुमचा पाइप बसत नाही. गंमत अशी की नुसत्या ७२ किलोन्यूटनच्या उभ्या भाराला हाच पाइप तरतो, म्हणून ड्रॉइंगवर कुणाला शंका येत नाही.

आयएस ८००च्या १९८४ च्या आवृत्तीत भार सेवाभारच घ्यायचे, पण वाढीच्या पदात क्रिटिकल ताण ०.६ ने गुणलेला होता. तो याच कारणासाठी. जुन्या एक्सेल शीटमधून हे ०.६ काढून टाकून नवे फॅक्टर घातलेत का, की दोन्ही राहिले किंवा दोन्ही गेले, हे उघडून बघा. २००७ च्या आवृत्तीत इंटरॅक्शनच्या सूत्रातला K गुणक हे काम करतो, तिथे P फॅक्टर लावलेलाच जातो.

एक सोय मात्र आहे: P कायम ठेवून नुसता W वाढवला तर मोमेंट सरळ प्रमाणात वाढतो. पुलीचा ओढा बदलून पाहायचा असेल तर गुणक पुन्हा काढायची गरज नाही. P बदलला की मात्र सगळं पुन्हा.

पाइप कधी शंभर टक्के सरळ नसतो. मध्यावर ४ मिमीचा मूळचा बाक असेल तर तोही 1/(1 − P/Pe) ने वाढून ६.७ मिमी होतो आणि सेवाभारावरच आणखी ०.३२ किलोन्यूटन-मीटर देतो, ओढ्याच्या दिशेने असला तर. साइटवर वर-खाली दोन खिळ्यांना बारीक तार ताणा आणि मध्यावर पट्टीने अंतर मोजा: एकदा रिकाम्या मेझानीनला, एकदा भरलेल्या, एकदा ओढा चालू असताना. ओढ्यामुळे २३ च्या जागी १४ मिमीच वाढ दिसली तर बहुधा तुमची बेस प्लेट पिनसारखी वागत नाहीये, किंवा वर सांगितला तेवढा भार प्रत्यक्षात नाही. ३५ दिसली तर माल काढायला सांगा.

हे सगळं वरचं टोक ब्रेसिंगने धरलेलं असताना. मेझानीनच डुलत असेल तर हिशोब वेगळा, आणि आकडे यापेक्षा बरेच वाईट. जमत असेल तर पुली मध्यावरून काढून तळाशी, फरशीपासून फूटभरावर लावा, ८८.९ च्या जागी ११४.३ चा पाइप घालण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.