आकृती गळाली तरी तिथी उरते

“मुलगी आठवीत आहे. सरावाच्या झेरॉक्समध्ये सूर्य-पृथ्वी-चंद्राची आकृतीच उमटलेली नाही. आकृती दिसली नाही की ती चंद्रकलांचे, ग्रहणांचे सगळे प्रश्न सोडून देते आणि रडते. परीक्षेत असं झालं तर?”

ताई, अशीच एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिने सोडलेला एक प्रश्न होता: ‘आकृतीत चंद्र ‘ग’ स्थानी असताना चंद्रग्रहण होऊ शकते. तेथून पाव फेरी पुढे गेल्यावर तो साधारण केव्हा उगवेल?’ ‘ग’ कागदावर नव्हताच. मी फक्त विचारलं, “चंद्रग्रहण कोणत्या तिथीला होतं?” “पौर्णिमेला.” मग ‘ग’ सापडलाच: मध्ये पृथ्वी, एका बाजूला सूर्य, समोरच्या बाजूला चंद्र. तिने ते स्वतः काढलं.

उगवण्यापाशी ती अडली. तिची आजी संकष्टी करते, हे मला ठाऊक होतं. “आजी उपास कधी सोडते?” “नऊ-साडेनऊला, चंद्र दिसल्यावर.” पौर्णिमेला सूर्य मावळताना उगवणारा चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून चतुर्थीला नऊ वाजून जातात. तसंच मोजत गेलं की पाव फेरीला, म्हणजे साधारण साडेसात दिवसांनी, मध्यरात्र होते. वद्य अष्टमीचा अर्धा चंद्र. उत्तर तिनेच दिलं.

पुढचा प्रश्न होता, दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही? इथे तर छापलेली आकृतीच फसवते, कारण कागद सपाट असतो आणि तिघं एका रेषेत दिसतात. प्रत्यक्षात चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. चंद्रबिंब आपल्याला अर्ध्या अंशाचं दिसतं, म्हणजे तो दहा बिंबं वर किंवा खाली असू शकतो. पृथ्वीची गडद सावली तिथे तीन बिंबांइतकीही रुंद नसते. बहुतेक पौर्णिमांना तो तिच्या वरून किंवा खालून निघून जातो. ७ सप्टेंबर २०२५ च्या भाद्रपद पौर्णिमेला तो सावलीत पूर्ण शिरला आणि भारतातून खग्रास ग्रहण दिसलं.

काही प्रश्न मात्र खरंच सुटत नाहीत. ‘‘क’ स्थानी कोणती कला दिसेल?’ एवढंच असेल, तर पुस्तकातली आकृती आठवून ठोकताळा मांडू नये. सूर्य उजवीकडे काढलेला असेल तर उजवीकडचा चंद्र अमावास्येचा. सूर्य डावीकडे असेल तर त्याच जागी पौर्णिमा. अशा वेळी हात वर करून पर्यवेक्षकांना सांगायचं, ‘आकृती छापलेली नाही, दुसरी प्रत मिळेल का?’ आणि उत्तर येईपर्यंत पुढचा प्रश्न घ्यायचा.

मी तिला प्रत्येक प्रश्नात तिथी, ग्रहण, उगवण्याची वेळ किंवा सूर्याची बाजू सांगणारा शब्द पेन्सिलीने अधोरेखित करायला लावला. त्या झेरॉक्समधल्या नऊपैकी सहा प्रश्नांत असा शब्द निघाला. उरलेल्या तिघांपुढे तिने ‘आकृती नाही’ असं लिहिलं आणि पान उलटलं.