एका ताळ्याने भागत नाही

प्रश्न: चल वेगळे करून सोडवलेल्या अवकल समीकरणात माझा कधी स्थिरांक सुटतो, कधी चलच चुकीचे वेगळे होतात. उत्तर स्वतः कसे तपासावे, आणि त्यासाठी पेपरात किती वेळ ठेवावा?

उत्तराचे अवकलन करून ते मूळ समीकरणात ठेवावे, असे तुम्हाला सगळेच सांगतील. तो सल्ला अर्धवट आहे, आणि त्यावरूनच यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात माझा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी वाद झाला होता.

सराव परीक्षेत dy/dx = 2x + 2xy हे समीकरण होते आणि x = 0 असताना y = 3 ही अट होती. उजवीकडे 2x सामाईक काढला की dy/(1 + y) = 2x dx मिळते, संकलनानंतर ln|1 + y| = x² + c येते, म्हणजेच 1 + y = Ae^(x²), आणि अटीवरून A = 4, म्हणून y = 4e^(x²) − 1. एका मुलाने सामाईक न काढता y ने भागून थेट dy/y = 4x dx लिहिले आणि y = 3e^(2x²) आणले. ते समीकरणात ठेवले तर डावी बाजू 4xy आणि उजवी 2x + 2xy येते, त्यामुळे चुकीची फारकत लगेच उघडी पडते. इथपर्यंत आमचे एकमत होते.

दुसऱ्याने स्थिरांक लिहिलाच नव्हता; त्याचे उत्तर y = e^(x²) − 1 होते. हे उत्तर समीकरणात ठेवल्यास दोन्ही बाजू 2xe^(x²) येतात, म्हणून सरांनी ते बरोबर धरले, पण x = 0 ला y शून्य येतो, तीन नव्हे. एका मुलीने स्थिरांक अगदी शेवटी जोडून y = e^(x²) − 1 + C लिहिले आणि अटीवरून C = 3 घेऊन y = e^(x²) + 2 हे उत्तर दिले. अट जुळते म्हणून सरांनी तेही बरोबर धरले. एका उत्तराला एक कसोटी आणि दुसऱ्याला दुसरी लावायची, ही तपासणी नव्हे. दोन्ही ताळे प्रत्येक उत्तराला लावलेच पाहिजेत, आणि संकलनाच्या ओळीतच, घातांक घेण्याआधी, c लिहिलेला दिसला पाहिजे.

वेळेचे म्हणाल, तर दोन ओळींचे काम आहे. मात्र अट दिलेली नसेल तर दुसरा ताळा घेता येत नाही. तेव्हा पहिल्या क्रमाच्या समीकरणाच्या सामान्य उत्तरात एक स्वैर स्थिरांक आहे का, एवढेच पाहावे. शिवाय 1 + y ने भागताना y = −1 हे उत्तर गळते, ते A = 0 घेऊन परत मिळते.

“स्थिरांक कुठेही जोडला तरी काय बिघडते?” असे त्या सरांचे अजूनही म्हणणे आहे. त्यांनी y = e^(x²) + 2 मध्ये x = 1 ठेवून पाहावे: डावी बाजू सुमारे 5.44 येते आणि उजवी 11.44.