पगारस्लिपांत टीडीएस ५२ हजार, २६एएसमध्ये ३३ हजार

प्रश्न: मी अमळनेर तालुक्यातल्या अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ च्या स्लिपांत ५२,००० रुपये टीडीएस दिसतो, आयकर विभागाच्या २६एएस पत्रकात मात्र ३३,०००. दरमहा ३,००० कापले, फेब्रुवारीत १८,००० आणि मार्चमध्ये ४,०००. आधीच्या मार्चमध्येही ३,००० होते. बाकीचे पैसे कुठे गेले?

उत्तर: ताई, आधी स्लिपांची बेरीज बदला. तुमचा मार्चचा पगार एप्रिलमध्ये खात्यावर येतो आणि पगारावरचा टीडीएस पगार देताना कापला जातो. म्हणून २०२४-२५ साठी मार्च २०२४ ते फेब्रुवारी २०२५ च्या स्लिपा धरा. शेवटच्या मार्चचे ४,००० गेले, आधीच्या मार्चचे ३,००० आले, म्हणजे ५१,०००. फरक राहिला १८,००० चा, आणि तो नेमका फेब्रुवारीच्या कपातीएवढा आहे.

आता २६एएसमध्ये शाळेच्या टॅन या करकपात क्रमांकाखाली, पगाराच्या कलम १९२ च्या नोंदी उघडा. पहिल्या तीन तिमाहींत प्रत्येकी ९,००० असतील. जानेवारी-मार्चमध्ये २४,००० हवेत, तिथे ६,०००च दिसतील. फेब्रुवारीच्या पगाराची, म्हणजे मार्चमधल्या तारखेची ओळच नसेल, तर शाळेच्या २४क्यू या तिमाही टीडीएस विवरणपत्रात तुमचं नाव राहिलं किंवा पॅन चुकीचा पडला. ओळ आहे पण स्थिती U, तर भरणा जुळलेला नाही. सरकारी खात्याच्या नोंदीपुढे P असेल तर ती तात्पुरती. पडताळणी झाली की F होते. हे मे महिन्यात पाहत असाल तर थांबा, कारण शेवटच्या तिमाहीचं विवरणपत्र भरायची मुदतच ३१ मे आहे.

फॉर्म १६ वर विसंबू नका. त्याचा भाग अ ट्रेसेस या विभागाच्या टीडीएस पोर्टलवरून, त्याच विवरणपत्रातून निघतो, म्हणजे तिथेही ३३,०००च येणार. ऑफिसात टाइप केलेल्या कागदावर ५१,००० असले, तरी विभागाच्या लेखी त्याला किंमत नाही.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. फेब्रुवारीची स्लिप, बँकेतली पगाराची नोंद आणि पॅनची प्रत जोडा. मागणी एकच करा: चौथ्या तिमाहीच्या २४क्यूचं दुरुस्ती विवरणपत्र. आमच्याकडे हे काम बहुधा शाळेत होत नाही, जळगाव-धुळ्याचा सल्लागार भरतो. क्लार्क ‘पाठवलंय’ म्हणाला तर पावती क्रमांक मागा, नाहीतर पुढच्या दिवाळीतही तेच ऐकाल.

रिटर्नची मुदत जवळ आली तर पूर्ण ५१,००० चा दावा करा, पण १८,००० च्या मागणीची नोटीस येईल हे धरून चाला. तिला असहमती नोंदवा. कर पगारातून कापलेला असेल, तर कलम २०५ प्रमाणे तो तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. तिथे स्लिप आणि बँकेची नोंद हाच पुरावा. शाळेची दुरुस्ती २६एएसमध्ये उमटली की रिटर्नच्या पोर्टलवर ‘टॅक्स क्रेडिट मिसमॅच’ प्रकारची दुरुस्ती विनंती टाका.