लिफ्टच्या खर्चाची वाटणी: आमच्या सभेतला हिशेब

एकांनी विचारलंय: आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचं बिल फ्लॅटच्या एरियानुसार लावलंय. सगळ्यांना सारखं नको का? खजिनदारांनी हे सभेत कसं पटवायचं?

आधी कागद काढा. सहकारी गृहनिर्माण सोसायटी असेल, तर आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांत सारखाच वाटला जातो; तिथे तुमचं म्हणणं बरोबर. पण १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्टखालचं अपार्टमेंट असेल, तर सामाईक खर्च घोषणापत्रात, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, प्रत्येक फ्लॅटपुढे लिहिलेल्या टक्क्यांनुसार वाटायचा. हे टक्के बहुतेक ठिकाणी एरियावरूनच काढलेले असतात. पाटीवर ‘सोसायटी’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, नोंदणी कशाची आहे ते बघा.

मी पुण्यातल्या एका अपार्टमेंटचा खजिनदार आहे. गेल्या वर्षी लिफ्टचे दोर आणि पुली बदलली, जीएसटीसकट १,८४,००० रुपये. सभेत मी जुन्या दोराचा तुकडाच टेबलावर ठेवला. तुटलेल्या तारा बोटाला टोचत होत्या, त्यामुळे खर्च कशाला केला हा प्रश्न तिथेच मिटला. मग फळ्यावर हिशेब मांडला. ६५० चौरस फुटांचे १० फ्लॅट, ४५०चे ६, एकूण ९,२०० चौरस फूट. म्हणजे फुटामागे २० रुपये. मोठ्या फ्लॅटला १३,०००, लहान फ्लॅटला ९,०००. सारखी वाटणी केली असती तर प्रत्येकी ११,५००. भांडण होतं ते एवढ्याच फरकाचं.

तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “मी लिफ्टचं बटणसुद्धा दाबत नाही हो.” त्यांचा राग मला रास्तच वाटतो. पण सामाईक सोय वापरत नाही म्हणून वर्गणी टळत नाही, हे कायद्यातच आहे. तो परिच्छेद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. सूट द्यायचं माझ्या हातात नव्हतं.

खरा घोळ होतो तो एरियात. एकजण कार्पेट सांगतो, दुसरा बिल्डरने विकलेला सुपर बिल्टअप, तिसऱ्याला टेरेस वगळायची असते. म्हणून कुणाच्याही तोंडचा आकडा घ्यायचा नाही, घोषणापत्रातला रकानाच धरायचा.

आणि टक्के गोल करताना जपा. माझ्या पहिल्या तक्त्यात मी ७.०७ आणि ४.८९ धरले होते. १० आणि ६ फ्लॅटची बेरीज १००.०४ टक्के झाली आणि बिलापेक्षा ७४ रुपये जास्त निघाले. बँकेतून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी ते भर सभेत पकडलं. तेव्हापासून मी तक्त्याखाली बेरीज लिहितो आणि ती बिलाशी रुपयान् रुपया जुळल्याशिवाय नोटीस लावत नाही.